आप्पांचे दोन किलो स्नायू गेले कुठे?

आप्पा आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दोन चिठ्ठ्या होत्या. एक घड्या पडून पडून मऊ झालेली, दुसरी कोरी करकरीत. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, हाताने सपाट केल्या आणि म्हणाले, "मॅडम, अकरा महिन्यांत दोन किलो स्नायू गेल्यात आणि साडेचार किलो चरबी चढलीया, असं मशीन म्हणालंय. मला नेमकं काय झालंय तेवढं सांगा."

वय ५३, उंची १७० सेंटिमीटर, मार्केट यार्डात गुळाची अडत. पोरवयात पेठेतल्या तालमीत तांबड्या मातीत घुमलेले, ७४ किलो गटात खासबागेत कुस्त्या केलेले, २८व्या वर्षी खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे ते एरवी गुडघ्यासाठी येतात. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. आकड्यांना हात लावलेला नाही.

पहिली चिठ्ठी घराजवळच्या जिमची. जानेवारीतली, सकाळची. वजन ७८.६ किलो, चरबी २०.४ किलो, स्नायू ३२.४ किलो. दुसरी डिसेंबरची, यार्डात भरलेल्या एका आरोग्य शिबिरातली. वजन ८०.१, चरबी २४.८, स्नायू ३०.४. म्हणजे स्नायू दोन किलोंनी कमी, चरबी ४.४ किलोंनी जास्त. शिबिरातल्या मुलाने चरबीच्या आकड्याभोवती लाल पेनने गोल काढला होता. आप्पांची झोप त्या गोलाने उडवली होती.

दोन किलो म्हणजे किती?

हा आकडा भीतीदायक आहे की नाही, हे ठरवायला आधी माहीत हवं की एका वर्षात माणसाचं साधारण किती जातं.

इयान जान्सेन आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात अजून आधाराला घेतला जातो. १८ ते ८८ वयाच्या ४६८ जणांचं एमआरआय करून त्यांनी अंगातला स्नायू प्रत्यक्ष मोजला. सर्व वयांची मिळून सरासरी पुरुषांत ३३ किलो आणि बायकांत २१ किलो निघाली. साधारण पंचेचाळिशीपर्यंत स्नायूंचं वजन फारसं हलत नाही, त्यानंतर उतार ठळक होतो, आणि तो हातांपेक्षा पायांत जास्त असतो. पूर्ण वयाच्या पट्ट्यावर सरळ रेघ ओढली तर उतार पुरुषांत दर दहा वर्षांना १.९ किलो आणि बायकांत १.१ किलो पडतो.

म्हणजे आप्पांच्या चिठ्ठीप्रमाणे दहा वर्षांचा उतार त्यांनी अकरा महिन्यांत उतरून दाखवला होता.

टक्क्यांत सांगायचं तर वेगवेगळ्या अभ्यासांचा मध्य पुरुषांत वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या जरा खाली आणि बायकांत त्याहून थोडा कमी येतो. पंचाहत्तरीनंतर वेग वाढतो. पुरुषांत वर्षाला जवळपास एक टक्का, बायकांत पाऊण टक्क्याच्या आत. आप्पांचे दोन किलो मूळच्या ३२.४ मधले, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. सत्तरी-पंचाहत्तरीतल्या माणसाचंही एका वर्षात सहसा इतकं जात नाही.

'तिशीनंतर दर दशकाला तीन ते आठ टक्के स्नायू जातात' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते चुकीचं आहे असं नाही, पण फार सैल आहे. दशकाला आठ टक्के म्हणजे वर्षाला ०.८. हा वेग म्हातारपणाचा आहे. पस्तिशीतल्या माणसाला तो सांगून प्रोटीन पावडरचा डबा विकता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

चरबीचं चित्र वेगळं आहे. ती पंचेचाळिशीची वाट बघत नाही. विशीच्या मध्यापासूनच साधारण वर्षाला तिसरा हिस्सा ते अर्धा किलो अशा वेगाने ती चढू लागते आणि पासष्ट-सत्तरीपर्यंत चढत राहते. पुढे वजन थांबतं किंवा उतरतं, पण हातापायांची चरबी पोटाकडे आणि स्नायूंच्या आत सरकत राहते. या हिशेबाने आप्पांचे ४.४ किलो म्हणजे नऊ ते तेरा वर्षांची बेगमी झाली.

दोन्ही बाजूंनी दहा वर्षं एका वर्षात! असं दिसलं की मला दोनच शक्यता दिसतात. एकतर माणसाला काहीतरी मोठं झालंय, नाहीतर मोजण्यात घोळ आहे.

आधी माणूस, मग मशीन

एका वर्षात खरोखर सहा टक्के स्नायू जातात तेव्हा ते फक्त चिठ्ठीत दिसत नाही. वजन उतरतं, मांड्या सैल पडतात, जिन्यावर दम लागतो, गाल बसतात. बेताल मधुमेह, थायरॉइड, क्षय, कर्करोग, मोठं आजारपण यांत असं होतं. स्नायू बहुतेकदा वर्षाच्या हप्त्याने जात नाहीत, धक्क्याने जातात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात झोपवून ठेवलं, तर दोन्ही पाय मिळून जवळपास एक किलो मांसल वजन कमी झालं. दहा दिवसांत एवढं! घरातलं वयस्कर माणूस निमोनियाने आठवडाभर दवाखान्यात राहून आलं आणि नंतर 'पूर्वीसारखं चालत नाही' असं वाटलं, तर त्यामागे बरेचदा हाच धक्का असतो.

आप्पांना असं काही झालं नव्हतं. वर्षभर आजारपण नाही, भूक चांगली, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी काठावर पण ठीक, थायरॉइड नॉर्मल. वजन उतरलेलं नाही, उलट दीड किलो जास्त दिसतंय. मी त्यांच्या पोटरीला टेप लावला. ३८ सेंटिमीटर. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये दिलेल्या निकषांत पुरुषाची पोटरी ३४ च्या खाली असेल तर स्नायू कमी असल्याची शंका घ्यावी असं आहे, बाईची ३३ च्या खाली. ही ढोबळ खूण आहे, सूज किंवा चरबी असेल तर फसवते, पण आप्पांच्या पोटरीत बोट दाबून पाहिलं तर ती पैलवानाचीच होती.

म्हणून मग मशीनकडे वळले. "शिबिरात किती वाजता चढलात?"

"दुपारी, तीनच्या सुमाराला. जेवूनच गेलो होतो की. शनिवार होता, मटण होतं. वर दोन गिलास ताक."

"उंची कुणी मोजली?"

"मोजली कुठं? त्या पोरानं विचारलं, मी लायसनवर आहे ती सांगितली. एकशे अडुसष्ट."

"आणि मशीन? हातात दांडा होता?"

"छ्या. नुसतं पाय ठेवायचं."

या तीन उत्तरांत प्रकरण जवळजवळ सुटलं.

ही मशीन चरबीही मोजत नाहीत आणि स्नायूही. अंगातून एक बारीक वीजप्रवाह सोडतात आणि त्याला किती अडथळा होतो तेवढंच मोजतात. स्नायूत पाणी भरपूर, त्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. अडथळ्यावरून पाणी, पाण्यावरून चरबी सोडून बाकीचं म्हणजे मांसल वजन, आणि तुमच्या एकूण वजनातून ते वजा केलं की उरते ती चरबी. चरबी ही शेवटी वजाबाकीतली बाकी आहे, त्यामुळे वाटेतली प्रत्येक चूक तिच्याच खात्यावर पडते.

आता आप्पांचं जेवण. दोन भाकरी, भात, तांबडा-पांढरा, मटण, दोन गिलास ताक. सगळं मिळून सव्वा किलो धरा. वजनकाट्याला ते दिसतं. पण पोटातल्या त्या अन्नपाण्याने अडथळा फारसा बदलत नाही, कारण धड रुंद असल्याने एकूण अडथळ्यातला त्याचा वाटा लहान असतो. मग मशीन काय समजतं? वजन वाढलं, पाणी तेवढंच, म्हणजे चरबी वाढली. सव्वा किलो चरबी जेवणाच्या ताटातून आली.

उंची तर सरळ सूत्रातच असते, आणि तीही वर्ग करून. १७० च्या जागी १६८ टाकले की वर्ग सव्वादोन टक्क्यांहून जास्त घसरतो आणि आप्पांच्या ५८ किलो मांसल वजनातलं किलोभर गायब होतं. ते किलोभर अर्थातच चरबीच्या रकान्यात उतरतं. लायसन्स काढताना कुणीतरी अंदाजाने लिहिलेली उंची आप्पांचं किलोभर मांसल वजन खाऊन गेली होती.

उरलेला फरक मशीनचा. जिमचं मशीन हात आणि पाय दोन्ही धरून मोजणारं होतं, शिबिरातलं नुसत्या पायांचं. त्यात प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो आणि पोटाच्या वरचं सगळं अंदाजपंचे ठरतं. वय सूत्रात असतं तेही लक्षात ठेवा. काही मशीनांत नुसता वाढदिवस झाला तरी चरबी थोडी चढते, शरीरात काही झालेलं नसलं तरी.

अजून एक गोम शब्दाची. या चिठ्ठ्यांवर 'मसल' लिहिलेलं असतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. काही मशीन फक्त हाडांना जोडलेला स्नायू सांगतात, आप्पांच्या बांध्याला तो तीसच्या आसपास येतो. काही घरगुती काटे चरबी आणि हाडं सोडून उरलेलं सगळं, म्हणजे काळीज, आतडी, पाणी धरून, 'मसल' म्हणून पंचावन्न किलो दाखवतात. एका चिठ्ठीतले पंचावन्न आणि दुसरीतले तीस शेजारी ठेवून रडकुंडीला आलेला एक पोरगाही माझ्याकडे येऊन गेलाय.

त्याच मशीनवर, उपाशीपोटी

तीन दिवसांनी आप्पांना सकाळी साडेसहाला त्याच जिममध्ये बोलावलं. रात्री जेवणानंतर काही नाही, उठल्यावर लघवी करून, पाणी न पिता, रंकाळ्याची फेरी न मारता. पाच मिनिटं उभं राहायला सांगितलं, कारण झोपून उठल्या उठल्या पाण्याची वाटणी वेगळी असते. उंची भिंतीला टेकवून मी स्वतः मोजली. १७०.

वजन ७८.९, चरबी २०.९, स्नायू ३२.२.

जानेवारीशी ताडून पाहिलं तर स्नायू २०० ग्रॅमने कमी, चरबी ५०० ग्रॅमने जास्त. पुस्तकात लिहावं इतकं नेमकं! त्रेपन्नाव्या वर्षी वर्षाला जे अपेक्षित, तेवढंच. इथे मलाही क्षणभर वाटलं की झालं, निकाल लागला.

पण मी त्यांना पुढचे दोन दिवसही त्याच वेळी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्नायू ३२.६ आणि चरबी २०.१. तिसऱ्या दिवशी ३२.३ आणि २०.७. तीन सकाळींत स्नायूंचा आकडा ४०० ग्रॅम हलला, म्हणजे दोन वर्षांच्या उताराइतका. पहिल्या दिवशीचा तो देखणा आकडा निव्वळ योगायोग होता. तीन दिवसांची सरासरी ३२.४ निघते, म्हणजे अकरा महिन्यांत शून्य फरक. आणि या शून्यावरही विश्वास ठेवू नये.

ही या प्रकरणातली खरी अडचण. स्नायूंचा वार्षिक उतार दोनशे ग्रॅमचा, आणि तो बघायला आपण घेतोय असा काटा जो एका रात्रीत चारशे ग्रॅम हलतो. गुळाच्या रव्यावर बसलेल्या माशीचं वजन यार्डातल्या काट्यावर करण्यासारखं आहे हे. आप्पांना ही उपमा पटली, म्हणाले काटा आमचाबी असाच आहे.

हाडांची घनता बघणाऱ्या डेक्सा मशीनवर पूर्ण अंगाचं स्कॅन करता येतं, ते याहून बरंच बरं. तरी त्याच माणसाला उतरवून पुन्हा झोपवलं तर मांसल वजनात टक्काभर फरक येतोच. दोन मोजण्यांतला बदल खरा मानायला तो या चुकीच्या पावणेतीनपट तरी हवा, असा हिशेब आहे. आप्पांच्या ५८ किलोत तो दीड किलोच्या वर जातो. म्हणजे डेक्साही वर्षाला करून उपयोग नाही, बऱ्याच वर्षांच्या अंतराने केलं तर काही बोलेल.

कपाटातले कागद

वर्षाचा हिशेब लागत नसेल तर दशकांचा लावावा लागतो. आप्पांचा दावा असा की, "पैलवानकीत सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर होतो, आज अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. वजन हाललंच नाही की."

कच्चा हिशेब केला. २७व्या वर्षी ७७ किलो, तालमीतला पैलवान, चरबी फार तर १० किलो धरू. बाकी ६७. आज चरबी २०.५ आणि बाकी ५८. म्हणजे २६ वर्षांत साडेदहा किलो चरबी आली आणि नऊ किलो मांसल वजन गेलं. वर्षाला ४०० ग्रॅम चरबी, अर्धा टक्का उतार. सरासरीच्या अगदी जवळ. आप्पा खूश, "म्हणजे चारचौघांसारखंच की."

मला ते पटेना. सरासरीतला उतार पंचेचाळिशीनंतर ठळक होतो आणि यांची नऊ किलोंची घसरण कुठल्या वर्षांत झाली हेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, घरी जुने कागद असतील तर बघा. दुसऱ्या आठवड्यात वहिनी स्वतः आल्या, एक पिवळी पडलेली फाइल आणि पिशवीत एक कोट नि एक जुना सदरा घेऊन.

फाइलमध्ये लग्नानंतर लगेच काढलेल्या विमा पॉलिसीचा वैद्यकीय अर्ज होता. वय ३१. वजन ७२ किलो. पोटाचा घेर ८४ सेंटिमीटर.

बहात्तर! आप्पा स्वतःच चकित झाले. कुस्ती सुटल्यावर तीन वर्षांत ते पाच किलोंनी उतरले होते आणि त्यांना त्याची आठवणच नव्हती. कोटाने बाकीचं सांगितलं. लग्नातला कोट त्यांनी तिथेच चढवला. खांद्यात आजही चपखल. पुढची बटणं मात्र वितीभर दूर. त्याआधीचा, पैलवानकीतला सदरा घातला तर खांदे खाली लोंबत होते.

म्हणजे खांदे गेले ते २८ ते ३१ च्या दरम्यान. वयाने नाही, माती सुटली म्हणून. जोर-बैठकांनी चढवलेला जादाचा स्नायू जोर-बैठका थांबताच उतरला. हा वयाचा उतार नव्हे, आणि तो सरासरीत मिसळला की सगळा हिशेब गढूळ होतो. त्यानंतरच्या २२ वर्षांत खांदे जवळपास होते तिथेच आहेत. ३१व्या वर्षीचे ७२ किलो साधारण ११ किलो चरबी आणि ६१ किलो बाकी असे फोडले, तर तिथून आजपर्यंत मांसल वजन तीनच किलो गेलं. वर्षाला पाव टक्क्याच्याही आत. हे चांगलंच म्हणायचं. चरबी मात्र साडेनऊ किलो, वर्षाला ४०० ग्रॅमच्या वर. आणि पोट ८४ वरून आज ९७.

अकरा किलो हा माझा अंदाज आहे, त्यात किलो-दोन किलो इकडे तिकडे होईल. पण घेर टेपने मोजलेला आहे, त्यात अंदाज नाही. पुरुषाच्या पोटाची आपल्याकडची मर्यादा ९० सेंटिमीटर, बाईची ८०.

"चाळिशीनंतर खाल्लेलं अंगाला लागतंय मॅडम, पचनच मंदावलंय," हे त्यावरचं त्यांचं उत्तर. हे सगळेच म्हणतात. पण २०२१ साली हर्मन पॉन्त्झर आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांवरून दाखवलं की मांसल वजनाच्या मानाने शरीर जाळतं ती ऊर्जा विशीपासून साठीपर्यंत जवळपास सारखीच राहते. उतार साठीनंतर लागतो, वर्षाला ०.७ टक्क्याच्या आसपास. चरबी चढण्याचं कारण त्याहून साधं आहे. ४०० ग्रॅम चरबी म्हणजे ढोबळमानाने तीन हजार कॅलरी, वर्षभरात वाटल्या तर दिवसाला आठ-नऊ. गुळात मोजायचं तर दोन-सव्वादोन ग्रॅम. अडतीवर बसून नमुना चाखताना जिभेवर ठेवतात त्याहून कमी. खरं तर अंग वाढतं तसा खर्चही वाढतो, त्यामुळे इतकं सरळ गणित चालत नाही, आणि चढ रोज थोडी थोडी न होता लग्नसराई, दिवाळी अशा हंगामांत होते. तरी आप्पांनी दोन ग्रॅमचा खडा चिमटीत धरून बराच वेळ पाहिला.

वहिनींचंही इथे सांगायला हवं, कारण त्या फाइल ठेवताना हळूच म्हणाल्या, "माझं तर दोनच वर्षांत सगळं पोटावर आलंय." वय ४९, पाळी अनियमित. बायकांत उताराची रेघ सरळ नसते. पाळी जाण्याच्या संक्रमणाला सुरुवात झाली की चरबी चढायचा वेग साधारण दुप्पट होतो आणि स्नायू घसरू लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांनी हे स्थिरावतं. तेव्हा ४९ वर्षांच्या बाईने स्वतःला 'चाळिशीतल्या सरासरी'शी ताडलं तर ती उगीच घाबरेल. तिने वयाशी न ताडता पाळीशी ताडावं.

कुणाशी ताडायचं

बाहेरच्या तक्त्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. बरेच तक्ते आजचा तिशीचा माणूस आणि आजचा सत्तरीचा माणूस शेजारी उभे करून मधला फरक 'वयाने झालेला' म्हणून सांगतात. पण आज सत्तरीत असलेला महाराष्ट्रातला माणूस बहात्तरच्या दुष्काळात पोरवयाचा होता. त्याची उंची, खाणं, मेहनत सगळंच वेगळं. त्या फरकात वय किती आणि पिढी किती, हे तक्ता सांगत नाही.

शिवाय बहुतेक तक्ते गोऱ्या लोकांचे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो या विषयात जगभर गाजलेला आहे. २००४ साली लॅन्सेटमध्ये छापलेला. ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. तेव्हा 'माझ्या वयाला पाश्चात्त्य तक्त्यात एवढी चरबी चालते' असं आपण म्हणण्यात अर्थ नाही.

मग मी आप्पांसाठी किलो बाजूला ठेवले आणि ताकद घेतली. कारण ताकद स्नायूंच्या वजनापेक्षा कितीतरी वेगाने उतरते. सत्तरीतल्या माणसांना तीन वर्षं पाहिलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात स्नायू वर्षाला टक्काभर गेले, पायांची ताकद मात्र तीन टक्क्यांच्या आसपास. जे तिप्पट वेगाने हलतं ते मोजायला सोपं.

पंजाची पकड डायनामोमीटरवर घेतली. उजवा ३९ किलो. आशियाई निकषांत पुरुषाला २८ च्या खाली आणि बाईला १८ च्या खाली धोका, त्यामुळे इथे काळजी नव्हती. मग खुर्ची. साधी, हात नसलेली, बसायला गुडघ्याइतकी उंच, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर आडवे. पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, पाचव्यांदा उभे राहिले की घड्याळ थांबवायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर समजायचे.

आप्पांना १०.८ लागले. चौथ्या वेळी एक हात नकळत मांडीकडे गेला, म्हणून ती फेरी रद्द करून पुन्हा घेतली. कधीकाळी पाचशे बैठका मारणारा माणूस पाच उठबशांत त्रेपन्नाव्या वर्षी रेषेच्या सव्वा सेकंद अलीकडे.

दुखणं इथे सापडलं. स्नायूंचं वजन ठीक, हाताची पकड ठीक. पाय मात्र गादीवर मांडी घालून दिवसाचे नऊ तास बसून मऊ पडलेले, आणि पोट मर्यादेच्या सात सेंटिमीटर पुढे. चिठ्ठीवरच्या दोन किलोंचा या दोन्हींशी काही संबंध नव्हता.

पुढचे सहा महिने

फार काही केलं नाही. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठबस, सावकाश, आधी रिकाम्या हाताने आणि मग पाच-पाच किलोंचे दोन डंबेल्स धरून. गुडघा दुखेल त्या खोलीच्या वरच थांबायचं. जिन्याची एक पायरी घेऊन एका पायावर चढणं. रात्रीच्या भाताचं ताट अर्धं. बैठका मात्र मी बंद ठेवल्या, त्यावरून थोडी वादावादी झाली.

मोजण्याचा हिशेब त्यांच्या वहीत लिहून दिला. पोट महिन्यातून एकदा, बेंबीपाशी, सकाळी, श्वास सोडून. खुर्ची आणि पकड तीन महिन्यांनी. मशीन सहा महिन्यांनी, तेच, तीन सकाळींची सरासरी, आणि त्यातला बदल दीड किलोच्या आत असेल तर वहीत 'तेवढंच' असं लिहायचं. पहिल्यांदा ते लिहिताना त्यांना फार जड गेलं. अडतदाराला ग्रॅम सोडून देता येत नाहीत.

सहा महिन्यांनी पोट ९४.५. खुर्ची ८.९ सेकंद. पकड ४१, म्हणजे जवळपास तीच. यंत्रावर स्नायू ३२.६. वहीत 'तेवढंच'. पाय दोन सेकंदांनी सुधारले आणि स्नायूंचं वजन हललं नाही, यात विसंगती नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ताकद वाढते ती बरीचशी मेंदू स्नायूला अधिक नीट कामाला लावतो म्हणून, मांस चढतं ते मागाहून आणि सावकाश.

परवा यार्डात पुन्हा शिबिर लागलं होतं. तोच पोरगा, तेच पायांचं मशीन. त्याने आप्पांना हाक मारली. आप्पा म्हणाले, "आज नको बाबा, जेवून आलोय."